वखारीतल्या पगारातून कापलेले ३११ पौंड: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे कुटुंब निपाणीजवळच्या एका गावातलं. वडील तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायचे, आता निवृत्त आहेत. थोरला मुलगा बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत अकाउंट्स बघतो. धाकटी मुलगी सप्टेंबर २०२४ मध्ये एम.एस्सी. करायला इंग्लंडला गेली. फी शैक्षणिक कर्जातून भागली. खोलीचं भाडं आणि खाणंपिणं मात्र तिनं तिथं काम करून सांभाळायचं, असं ठरलं होतं. मी बेळगावात करसल्लागार म्हणून काम करतो आणि फाउंड्रीच्या कामानिमित्त दादाशी माझा जुना परिचय आहे. त्यामुळे हे प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर घडलं. दोघा भावंडांच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील काढून ते इथं मांडतो आहे.

विद्यार्थी व्हिसावर पदवी किंवा त्यावरच्या शिक्षणासाठी गेलेल्यांना सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं. बहिणीनं ऑक्टोबरात एका कॅफेत आठवड्याला १२ तासांचं काम धरलं. तिथला पगार महिन्यानं. नोव्हेंबरच्या मध्यापासून शनिवार-रविवारी मिळून ८ तास एका वखारीत, म्हणजे ऑनलाइन ऑर्डरी बांधून पाठवणाऱ्या गोदामात. तिथला पगार आठवड्यानं, आणि तोही गोदामाकडून थेट न येता माणसं पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत. दोन्हीकडे दर एकच, तासाला ११.४४ पौंड. एप्रिल २०२४ पासून २१ वर्षांवरच्या कामगारांसाठी कायद्यानं ठरलेला तोच किमान दर होता.

अडचण काय होती

कॅफेच्या पगारातून काहीच कापलं जात नव्हतं. वखारीच्या पगारातून मात्र पहिल्याच आठवड्यापासून पाचवा हिस्सा जाऊ लागला. ९१ पौंडांतले १८ जातात म्हणून तिनं सुरुवातीला मनावर घेतलं नाही. नाताळच्या सुट्टीत विद्यापीठाच्या कार्यालयाकडून 'हे दोन आठवडे सुट्टीचेच धरले जातात' असं लेखी घेऊन तिनं वखारीत आठवड्याला ३२ तास काम केलं. त्या आठवड्याचं पगारपत्रक तिनं दादाला पाठवलं. एकूण पगार ३६६.०८ पौंड, प्राप्तिकर ७३.२०, नॅशनल इन्शुरन्स या तिथल्या सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीपोटी ९.९३, हातात २८२.९५. वरच्या कोपऱ्यात टॅक्स कोडच्या रकान्यात दोनच अक्षरं होती: `BR`.

तोवरच्या सात आठवड्यांत २३७.८० पौंड कर कापून झाला होता. तेव्हाच्या दरानं ते साधारण २५ हजार रुपये होतात. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या घरात हा आकडा लहान नाही. त्यात भोवतालची चार माणसं चार गोष्टी सांगत होती. खोलीतली मैत्रीण म्हणे, विद्यार्थ्यांना कर नसतोच, एजन्सी तुला लुटतेय. एजन्सीचा माणूस म्हणे, आमच्या हातात काही नाही, वरून येईल तो कोड आम्ही लावतो. एका ओळखीच्या हॉटेलवाल्यानं रोख पैशांवर काम देऊ केलं. आणि एका 'रिफंड मिळवून देणाऱ्या' दलालानं परताव्यातला हिस्सा घेऊन सगळं करून देतो म्हणून फॉर्म पाठवला.

गावाकडे फोन लावला की तो स्पीकरवर असायचा. 'पोरीचे पैसे कापले' एवढंच वडिलांच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी ते काम सोड म्हणून तगादा लावला असता. म्हणून दादानं कागद घेऊन चार पानी पत्र लिहिलं आणि त्याचे फोटो तिला पाठवले. आधी त्यानं ते माझ्याकडून तपासून घेतलं.

दादाचं पत्र

पत्रातला कामाचा भाग त्याच्याच शब्दांत देतो.

"चि. छकू, अनेक आशीर्वाद.

तुझं पगारपत्रक मी नीट वाचलं. आधी मनातली भीती काढ. तुला कोणी फसवलेलं नाही आणि तूही काही चुकीचं लिहिलेलं नाहीस. कापलेला प्राप्तिकर परत मिळेल. नॅशनल इन्शुरन्सचे मात्र मिळणार नाहीत. असं का, ते समजून घे, म्हणजे कोणी काही सांगितलं तरी तू डगमगणार नाहीस.

तिकडं विद्यार्थ्याला म्हणून वेगळी सूट नाही. सूट सगळ्यांनाच आहे, वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंत. त्यांचं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं आणि पुढच्या ५ एप्रिलला संपतं. तू सप्टेंबरात पोहोचलीस तरी तुझ्या वाट्याला पूर्ण वर्षाची सूट आहे, तिचे महिन्यांप्रमाणे तुकडे पडत नाहीत. आता तुझी कमाई धर. कॅफेत ५ एप्रिलपर्यंत ३,३०० च्या आसपास, वखारीत काम टिकलं तर २,४०० च्या आसपास. दोन्ही मिळून सहा हजारसुद्धा होत नाहीत. म्हणजे वर्षाचा हिशेब मांडला तर तुझा कर शून्य.

पण कर वर्षाच्या शेवटी कापत नाहीत, दर पगाराला कापतात. आणि पगार करणाऱ्या माणसाला तुझं पूर्ण वर्ष दिसत नसतं. त्याच्यासमोर फक्त तुझा कोड असतो. कॅफेत लागताना तू लिहिलंस की या करवर्षातली ही माझी पहिलीच नोकरी. म्हणून तिथं `1257L` हा कोड लागला. त्याचा अर्थ, १२,५७० ची सगळी सूट इथं द्या. वखारीत लागताना तू लिहिलंस की याशिवाय माझी दुसरी नोकरी आहे. ते खरंच होतं. मग त्यांनी धरलं की हिची सूट पहिल्या नोकरीत वापरली जात असणार, इथं पहिल्या पौंडापासून २० टक्के कापा. `BR` म्हणजे तेवढंच. कॅफेत तुझी अर्धीअधिक सूट वापराविना पडून आहे हे वखारीच्या पगाराच्या संगणकाला कळायला मार्गच नाही.

आपल्या अप्पांच्या ठेवीचं आठवतं का? एका वर्षी १५-एच फॉर्म द्यायचा राहिला आणि बँकेनं व्याजावर १० टक्के टीडीएस कापला. अप्पांचं उत्पन्न कर लागण्याइतकं नव्हतंच, पण बँकेला ते कुठून माहीत असणार? पुढं विवरणपत्र भरलं आणि पैसे खात्यात आले. बँकेनं चोरी केली नव्हती, तिच्याजवळ जेवढी माहिती होती तेवढ्यावर ती वागली. तुझ्या वखारीचंही तसंच आहे.

नॅशनल इन्शुरन्सचा हिशेब वेगळा. तो वर्षावर नसतो, त्या त्या पगाराच्या मुदतीवर असतो, आणि दर नोकरीचा सुटा. आठवड्याच्या पगारात २४२ पौंडांच्या वर जे जाईल त्यावर ८ टक्के. नेहमीच्या आठवड्यात तू ९१ वर असतेस म्हणून काही कापलं गेलं नाही. नाताळच्या आठवड्यात ३६६ झाले, वरचे १२४, त्याचे ९.९३. दोन आठवड्यांचे मिळून १९.८६. ते बरोबर कापलेत. ते परत मागत बसू नकोस आणि कोणी मिळवून देतो म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस.

हॉटेलवाल्याकडं रोखीवर जाऊ नकोस, हे मी आर्जवानं सांगतोय. नोंद नसली की तुझे तास किती झाले हे तुला दाखवता येणार नाही, आणि पगार बुडवला तर दाद मागायला कागद नाही. वीस तासांची अट मोडली असा नुसता संशय आला तरी व्हिसा धोक्यात येईल. १८ पौंड वाचवायला आपण एवढ्या कष्टानं मिळवलेली जागा पणाला लावायची नाही."

पत्रातला पुढचा भाग घरच्या गोष्टींचा आहे, तो इथं देत नाही.

कोणते पर्याय होते

रोखीचा पर्याय पत्रातच निकालात निघाला. उरले तीन. दलालाला काम द्यायचं, करवर्ष संपेपर्यंत गप्प बसायचं, किंवा लगेच ब्रिटिश कर खात्याला, म्हणजे एचएमआरसीला, कळवून कोड बदलून घ्यायचा.

दलालाच्या फॉर्ममध्ये परतावा आधी त्याच्या खात्यात जमा होईल आणि तो आपला हिस्सा कापून उरलेला तिला देईल, असं कलम होतं. ज्या परताव्याचा हिशेब कर खातं स्वतःहून, एक पैसा न घेता करून देतं त्यासाठी हिस्सा देण्याचं कारण नव्हतं. शिवाय तिचं प्रकरण सरळ होतं. दोन नोकऱ्या, दोन्हीचे पगार खात्याकडे नोंदलेले, वजावटीचा कुठला दावा नाही. दलालाकडे देण्याजोगं यात काहीच नव्हतं.

गप्प बसण्यात धोका नव्हता, फक्त उशीर होता. तिकडे मालक दर पगाराला खात्याला आकडे कळवतो. करवर्ष संपलं की खातं ते जुळवून बघतं आणि कर जास्त कापला गेला असेल तर पी-८०० नावाचं हिशेबपत्र काढतं. ही पत्रं जूनपासून पुढे निघतात. म्हणजे जानेवारीत अडकलेले पैसे उन्हाळ्यानंतर मिळणार, आणि तोवर दर आठवड्याला १८ पौंड कापले जातच राहणार.

तिसऱ्या पर्यायात कर खातं १२,५७० ची सूट दोन नोकऱ्यांत वाटून देऊ शकतं. कॅफेत वर्षाला लागेल तेवढी तिथं, उरलेली वखारीत. नवा कोड साध्या, साठत जाणाऱ्या पद्धतीचा असला तर त्याचा मोठा फायदा होतो. ६ एप्रिलपासून साठलेली सूट एकदम मोजली जाते आणि आधी जास्त कापलेला कर पुढच्या पगारातच परत येतो. इथं एक बारकावा बघायला हवा. कोडच्या मागे `W1`, `M1` किंवा `X` असेल तर प्रत्येक पगार सुटा मोजला जातो. पुढची कपात थांबते, मागचं मात्र परत येत नाही. म्हणून नव्या कोडची सूचना आली की आकड्याइतकंच शेपटाकडेही लक्ष द्यायचं, असं मी दादाला सांगून ठेवलं.

मैत्रिणीनं आणखी एक तोडगा सुचवला होता: एजन्सीला सांग, चुकून लिहिलं, हीच माझी एकमेव नोकरी आहे. आमच्या बोलण्यात हा मुद्दा सर्वांत जास्त वेळ चालला, कारण तो सोपा होता आणि या वर्षापुरता त्यानं कराचं काही बुडालंही नसतं. तिचं एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आतच होतं. पण तसं लिहिणं खोटं ठरलं असतं. कोड बरोबर लावून घेण्याचा खरा मार्ग हाताशी असताना, व्हिसावर राहणाऱ्या मुलीनं सरकारी नोंदीत चुकीची माहिती का घालायची? त्याहून व्यवहाराचं कारण म्हणजे, एकच सूट दोन ठिकाणी पूर्ण लागली आणि पुढं कमाई वाढली, तर तेव्हा परताव्याच्या जागी थकबाकीचं पत्र येतं. दादानं हा पर्याय स्पष्ट नाकारला.

काय केलं

जानेवारीच्या मध्यावर तिनं कर खात्याला फोन केला. त्याआधी दादानं तिला चार गोष्टी एका कागदावर लिहून समोर ठेवायला लावल्या: तिचा नॅशनल इन्शुरन्स नंबर, राहता पत्ता, दोन्ही पगारपत्रकांवरचा मालकाचा पीएवायई, म्हणजे पगारातून कर कापून भरण्याच्या व्यवस्थेतला, क्रमांक, आणि ५ एप्रिलपर्यंत दोन्हीकडे किती पगार होईल याचा अंदाज. हा शेवटचा अंदाजच महत्त्वाचा. सूट कशी वाटायची हे खातं त्यावरून ठरवतं. अंदाज सांगताना नाताळचे जादा तास पकडायला विसरू नकोस, असंही त्यानं बजावलं होतं.

फोन लागायला बराच वेळ गेला, पण लागल्यावर काम झालं. पलीकडच्या बाईंनी दोन्ही नोकऱ्या त्यांच्या नोंदीत दिसतात हे सांगितलं, अंदाज लिहून घेतला, आणि नवे कोड दोन्ही मालकांना थेट जातील, तुम्हाला वेगळी सूचना येईल, असं सांगितलं. एजन्सीचा माणूस 'आमच्या हातात नाही' म्हणाला होता ते खरंच होतं. लागू झालेला कोड मालकाला आपल्या मर्जीनं किंवा कामगाराच्या विनंतीवरून बदलता येत नाही, त्याला खात्याची सूचना लागते. दादानं तिला त्या माणसाशी भांडू दिलं नाही हे बरं झालं, कारण पुढं त्याच्याकडूनच कागद घ्यायचा होता.

मग घडलं ते कोणाच्या हिशेबात नव्हतं. नाताळचा हंगाम ओसरला, ऑर्डरी कमी झाल्या आणि जानेवारीअखेर वखारीतलं काम संपलं. नव्या कोडची सूचना तिच्या हातात पडली तोवर एजन्सीनं तिचा शेवटचा पगार जुन्याच `BR` नं काढून टाकला होता. नोकरी सोडल्याचा पी-४५ आला. त्यावर एकूण पगार १,५५५.८४ पौंड आणि कापलेला कर ३११.०० पौंड.

इथं पुन्हा ठरवायची वेळ आली. करवर्षाच्या मधेच परतावा मागण्यासाठी पी-५० म्हणून फॉर्म असतो, आणि एका सहाध्यायानं तो लगेच भरायला सांगितलं. पण तो काम थांबलेल्यांसाठी असतो, आणि ती कॅफेत काम करतच होती. फॉर्म भरला असता तर नुसताच परत आला असता. कॅफेतल्या पगारावर कर नव्हताच, त्यामुळे तिथल्या पुढच्या पगारातून आपोआप काही सुटणार नव्हतं. दादाचं म्हणणं पडलं, पुन्हा फोन करून बघू. माझं मत वेगळं होतं. दोन्ही मालकांचे आकडे खात्याकडे पोहोचले आहेत, नोकरी संपल्याची नोंद झाली आहे, आता राहिलंय ते फक्त वर्षअखेरचं जुळवणं. मधे हात घातला तर कॅफेच्या नीट चाललेल्या कोडमध्ये उगाच बदल व्हायचा. बहिणीनंच निकाल दिला. भाड्याची सोय झाली आहे, मी थांबते, म्हणाली.

थांबायच्या काळात तिनं दोन कामं केली. पी-४५, एजन्सीची सगळी साप्ताहिक पगारपत्रकं आणि कॅफेचा पी-६० यांचे फोटो काढून एका ठिकाणी ठेवले. पी-६० म्हणजे ५ एप्रिलला नोकरीत असलेल्याला मालकानं ३१ मेपर्यंत द्यायचा वर्षाचा दाखला. दुसरं, जूनमध्ये खोली बदलल्याबरोबर खात्याकडे नवा पत्ता नोंदवला. हे काम दिसायला किरकोळ आहे. पण पी-८०० टपालानं येतं, विद्यार्थी वर्षात दोनदा खोल्या बदलतात, आणि जुन्या खोलीत आलेलं पत्र नवा भाडेकरू टोपलीत टाकतो.

एप्रिलमध्ये तिला एक मेसेजही आला: तुमचा कर परतावा तयार आहे, खालच्या दुव्यावर कार्डाचा नंबर द्या. परताव्याची वाट बघणाऱ्याला असा मेसेज खरा वाटतोच. कर खातं परताव्याची बातमी मेसेजनं किंवा ईमेलनं कळवत नाही, हे दादानं तिला आधीच सांगून ठेवलं होतं. तिनं तो पुसून टाकला.

निष्पत्ती

ऑगस्टमध्ये नव्या पत्त्यावर पी-८०० आलं. त्यात दोन्ही नोकऱ्यांचे पगार एकाखाली एक मांडलेले, बेरीज ४,८५० च्या घरात, सूट १२,५७०, देय कर शून्य, कापलेला कर ३११.००, परतावा ३११.००. आकडे पी-४५ आणि पी-६० शी जुळवून बघितल्यावर तिनं gov.uk वर स्वतः मागणी नोंदवली आणि त्याच आठवड्यात पैसे तिच्या खात्यात आले. नॅशनल इन्शुरन्सचे १९.८६ पौंड अपेक्षेप्रमाणे परत आले नाहीत.

माझ्या दृष्टीनं प्रकरण इथं संपलं नव्हतं. ती सप्टेंबरात गेली म्हणजे २०२४-२५ या आपल्या आर्थिक वर्षात साडेपाच महिने भारतातच होती. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या वर्षी १८२ दिवसांचा निकष लागतो, पण शिक्षणासाठी जाणाऱ्याचा उल्लेख त्या सवलतीत नाही. एरवी वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत ३६५ दिवस भारतात काढले की माणूस आपल्याकडे निवासी धरला जातो. निवासी म्हटलं की परदेशातली कमाई आणि परदेशातलं बँक खातं दोन्ही विवरणपत्रात दाखवावं लागतं, कर लागो वा न लागो. तिची इंग्लंडमधली कमाई पाच लाख रुपयांच्या आसपास होती. त्या वर्षी नव्या करप्रणालीत सात लाखांपर्यंत मिळणाऱ्या सवलतीमुळे इथला करही शून्य आला. पण विवरणपत्र भरलं, आणि ब्रिटिश बँक खातं परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात नोंदवलं. सीमाभागातून परदेशी गेलेल्या मुलांच्या घरी मी हे विचारतो तेव्हा बहुतेकांना त्याची कल्पना नसते. तिकडचा परतावा आला की सगळं मिटलं असं वाटतं.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठा फरक वेळेनं पडला असता. वखारीच्या पहिल्याच पगारपत्रकावर `BR` होता. नोव्हेंबरात फोन झाला असता तर नवा कोड नाताळच्या आधी लागण्याची शक्यता होती. मग सुट्टीतले जादा तास करमुक्त मिळाले असते आणि आधीचे १८-१८ पौंडही पगारातच परत आले असते. पैसे शेवटी तेवढेच मिळाले, पण सात-आठ महिने उशिरा, आणि घरात काळजी व्हायची ती झालीच. दुसरी नोकरी धरणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी आता पहिलं पगारपत्रक हाती आल्याच दिवशी कोडचा रकाना बघायला सांगतो. पहिल्या नोकरीतली सूट पुरती वापरली जात नसेल तर त्याच आठवड्यात कळवायला हवं. हंगामी कामात तर जास्तच, कारण काम कधी संपेल सांगता येत नाही आणि कोड बदलायच्या आत ते संपलं तर पगारातून परत मिळण्याची वाट बंद होते.

काही कारणानं हे सगळं राहून गेलं तरी पैसे बुडत नाहीत. करवर्ष संपल्यापासून चार वर्षं मागणी करता येते, म्हणजे २०२४-२५ साठी ५ एप्रिल २०२९ पर्यंत. ती मधेच भारतात परतली असती तर निघताना पी-८५ भरून देश सोडल्याचं कळवावं लागलं असतं आणि परताव्याचा विचार तेव्हाच झाला असता. मात्र तिथलं बँक खातं परतावा येईपर्यंत चालू ठेवणं सोयीचं असतं.

जागा बदलूनही पत्र वेळेवर पोहोचलं ते पत्ता कळवल्यामुळे. दलालाला हिस्सा गेला नाही. या दोन गोष्टी मी पुन्हा अशाच करायला सांगेन.

२०२५-२६ साठी मात्र दादाच्या पत्रातला 'कर शून्य' हा निष्कर्ष जसाच्या तसा वापरता येणार नाही, हे मी दोघांनाही लिहून दिलं आहे. २०२४-२५ मध्ये ११.४४ च्या दरानं आठवड्याला २० तास, वर्षाचे ५२ आठवडे काम केलं तरी बेरीज ११,८९७.६० पौंड होत होती, करमुक्त मर्यादेच्या आत. एप्रिल २०२५ पासून किमान दर १२.२१ झाला आणि सूट १२,५७० वरच राहिली. तेवढेच तास २०२५-२६ मध्ये १२,६९८.४० वर जातात. वरच्या १२८ पौंडांवर साधारण २५ पौंड कर खरोखरच देणं लागतो, आणि तो परत येत नाही. २० तास एकाच ठिकाणी केले तर आठवड्याचे २४४.२० होतात, म्हणजे नॅशनल इन्शुरन्सचीही रेषा जेमतेम ओलांडली जाते, आठवड्याला १८ पेन्सांनी. अभ्यासक्रम संपल्यावर तिला पूर्णवेळ काम मिळालं, तर दुसऱ्या नोकरीवरचा `BR` योग्यही असू शकेल. त्या वर्षीचा अंदाज तिनं सप्टेंबरात नव्यानं मांडायचा, आणि कमाईचा आकडा बदलला की कर खात्याला नवा अंदाज कळवायचा, असं ठरलं आहे.